थेट प्रक्षेपणाची लेटन्सी आणि प्रेक्षकांना मागे जाण्याची सोय: मैदानाआधी खात्री कशी करावी?

खानापूर_मैदान

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या यात्रेत दरवर्षी जंगी कुस्त्यांचे मैदान भरते आणि गेल्या काही वर्षांपासून यात्रा कमिटीच्या यूट्यूब चॅनेलवर त्याचे थेट प्रक्षेपण होते. पुणे, मुंबई आणि गोव्यात कामाला असलेली गावची माणसे ते आवर्जून पाहतात. निवेदक मैदानात कुस्ती पुकारतात, तेव्हा ही बाहेरगावची मंडळी चॅटमध्ये लिहून पैलवानांना इनाम जाहीर करतात आणि निवेदक ते माईकवर वाचून दाखवतात.

यंदा मला दोन गोष्टींची आधीच खात्री करायची आहे. पहिली म्हणजे प्रक्षेपण कोणत्या लेटन्सीवर, म्हणजे किती विलंबावर, लावलेले आहे, कारण मागच्या वेळी निकाल लागून पैलवान आखाड्याबाहेर गेल्यावर इनामाचे मेसेज येत होते. दुसरी म्हणजे प्रेक्षकांना प्रक्षेपण चालू असतानाच मागे जाऊन पाहता येते की नाही. एखादी कुस्ती पाऊण मिनिटात चितपट होते, आणि पाहणाऱ्याने तेवढ्यात चहाचा कप खाली ठेवला तर डावच चुकतो. मागच्या वर्षी अनेकांनी कळवले की त्यांना मागे जाता येत नव्हते. यूट्यूब स्टुडिओमध्ये पाहिले तर मागे जाण्याची सोय चालू असल्याचे दिसत होते आणि लेटन्सीही कमीत कमी होती. मग प्रेक्षकांना वेगळे का दिसले असावे? मैदानावरचे कॅमेरे आणि लॅपटॉप बेळगावच्या एका व्हिडिओवाल्यांचे असतात. चॅनेल आमचे आहे आणि प्रक्षेपण लॅपटॉपवरच्या ओबीएस या सॉफ्टवेअरमधून होते.

चिकोडी_स्टुडिओ

आपल्या प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच आहे असे मला वाटते. लेटन्सी कमीत कमी ठेवली की मागे जाण्याची सोय आपोआप बंद होते. यूट्यूबला एकतर वेग द्यावा लागतो किंवा साठवण, दोन्ही एकाच वेळी देता येत नाहीत. मी लग्नांचे प्रक्षेपण नेहमी नॉर्मलवर करतो आणि माझ्या प्रेक्षकांना मागे जाता येते. आपणही नॉर्मल ठेवा, म्हणजे प्रश्न मिटेल.

निपाणीची_रसिका

दादा, मागे जाऊन पाहण्यासाठी ओबीएसमध्येच रिप्ले बफर नावाची सोय आहे. ती चालू ठेवली तर शेवटचे काही सेकंद फाइल म्हणून जतन होतात आणि ती चितपट पुन्हा सगळ्यांना दाखवता येते. आमच्याकडे कबड्डीच्या सामन्यांना मुले असेच करतात.

खानापूर_मैदान

ताई, ती सोय उपयोगाची आहे आणि ती नक्की लावून पाहू. मात्र त्यात काय दाखवायचे हे आम्ही ठरवणार. माझा प्रश्न असा आहे की पाहणाऱ्याने स्वतः आपल्या फोनवर रेघ मागे ओढली तर ती ओढली जाईल का.

प्रक्षेपण_वाला

मी बेळगावात गेली अनेक वर्षे कार्यक्रमांची थेट प्रक्षेपणे करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चिकोडीच्या मित्रांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. यूट्यूबवर लेटन्सीचे तीन पर्याय आहेत: नॉर्मल, लो आणि अल्ट्रा लो. मागे जाण्याची सोय हा त्याच पानावरचा स्वतंत्र खटका आहे आणि तिथे त्याचे नाव Enable DVR असे दिसते. अल्ट्रा लोवर चालणारी आणि तरीही मागे नेता येणारी प्रक्षेपणे रोज पाहायला मिळतात. लेटन्सी कमी केल्याने बंधने येतात ती वेगळी आहेत. अल्ट्रा लोवर 1440p आणि 4K मिळत नाही आणि प्लेअर अगदी थोडाच भाग पुढे साठवून ठेवतो, त्यामुळे प्रेक्षकाचे नेट जरा डगमगले की चित्र थांबून चक्र फिरू लागते.

मात्र त्यांच्या म्हणण्यात एक खरा धागा आहे आणि तो आपल्या कामाचा आहे. जो प्रेक्षक मागे जातो, त्याच्यापुरता कमी लेटन्सीचा फायदा संपतो. तो दोन मिनिटे मागची कुस्ती पाहत असेल आणि तेव्हाच चॅटमध्ये इनाम लिहीत असेल, तर निवेदकाला तो मेसेज आता मिळतो आणि कुस्ती तर केव्हाच संपलेली असते. हा दोष लेटन्सीचा नाही आणि कोणतीही लेटन्सी निवडून तो जाणार नाही. निवेदकांनी अधूनमधून सांगावे लागते की इनाम लिहिण्याआधी प्लेअरवरच्या LIVE या शब्दावर दाबून पुढे या. तो ठिपका लाल असेल तर प्रेक्षक थेट आहे, राखाडी असेल तर मागे आहे.

आता आपल्या मूळ कोड्याकडे येतो. स्टुडिओत सोय चालू दिसत होती आणि प्रेक्षकांना मिळत नव्हती, याचे माझ्या अनुभवातले सर्वात सामान्य कारण असे की आपण एका प्रक्षेपणाच्या सेटिंग पाहत होता आणि प्रेक्षक दुसरेच प्रक्षेपण पाहत होते. म्हणून मला दोन गोष्टी कळवा. आपण स्टुडिओत जे पान पाहिले त्याच्या पत्त्यात video या शब्दानंतर अकरा अक्षरांचा जो आयडी होता तो, आणि प्रेक्षकांना व्हॉट्सॲपवर गेलेल्या लिंकमधला अकरा अक्षरांचा आयडी, हे दोन्ही एकच होते का?

खानापूर_मैदान

मागच्या वर्षीची लिंक ग्रुपमध्ये शोधली. स्टुडिओतल्या शेड्यूल केलेल्या प्रक्षेपणाचा आयडी आणि लिंकमधला आयडी वेगळे आहेत. विशेष म्हणजे चॅनेलवर त्या दिवशीच्या दोन नोंदी आहेत. एकात सबंध मैदान आहे आणि दुसरी नोंद, म्हणजे आम्ही आधी शेड्यूल केलेली, कधी सुरूच झाली नाही.

प्रक्षेपण_वाला

मग उकल झाली असे समजायला हरकत नाही. ओबीएसमध्ये यूट्यूबचे खाते थेट जोडलेले असेल, तर प्रक्षेपण सुरू करण्याआधी Manage Broadcast या बटणातून एक खिडकी उघडते. तिथे आधी शेड्यूल केलेले प्रक्षेपण निवडता येते किंवा नवीन तयार करता येते. नवीन तयार करणाऱ्या भागात लेटन्सीची स्वतःची यादी आणि Enable DVR चा स्वतःचा चौकोन आहे. त्याच खिडकीत Remember these settings असाही एक चौकोन असतो. व्हिडिओवाल्यांनी आधीच्या एखाद्या कार्यक्रमाला नॉर्मल लेटन्सी ठेवून आणि चौकोन रिकामा ठेवून सेटिंग जतन केलेल्या असतील, तर तुमच्या मैदानाच्या दिवशी नवीन प्रक्षेपण त्याच सेटिंगने तयार झाले. स्टुडिओत शेड्यूल केलेल्या प्रक्षेपणाला तुम्ही दिलेल्या सेटिंग जागच्या जागी राहिल्या आणि त्यांचा कुणालाच उपयोग झाला नाही.

याच्या उलट, ओबीएसमध्ये खाते न जोडता फक्त स्ट्रीम की टाकलेली असेल, तर या गोष्टी स्टुडिओतूनच ठरतात. म्हणून व्हिडिओवाल्यांना पहिला प्रश्न हाच विचारावा की खाते जोडलेले आहे की नुसती स्ट्रीम की टाकलेली आहे.

हलगी_सुभाष

यात एक व्यावहारिक अडचण मी पाहिली आहे. आमच्या बाजूच्या एका व्हिडिओवाल्यांचा लॅपटॉप कन्नड भाषेत लावलेला आहे आणि ब्राउझरमध्ये स्टुडिओही कन्नडमध्ये उघडतो. फोनवरून त्यांना मराठीत किंवा इंग्रजीत नावे सांगून काही उपयोग होत नाही, कारण समोर दिसणारे शब्द निराळे असतात. मी त्यांना जागेवरून सांगतो, म्हणजे अमुक यादीतला तिसरा पर्याय किंवा त्याखालचा खटका. आणि शेवटी पडद्याचा फोटो मागवून घेतो.

खानापूर_मैदान

सुभाषराव, आमचे व्हिडिओवालेही घरी कन्नड बोलतात, त्यामुळे फोटो मागवण्याची सूचना फार उपयोगी पडेल. प्रक्षेपणवाले सर, आता पुढचे विचारतो. सेटिंग योग्य आहेत हे पडद्यावर पाहून मान्य केले, तरी प्रेक्षकाला खरोखर तसेच मिळते आहे याची खात्री प्रेक्षकाच्या बाजूने कशी करायची?

प्रक्षेपण_वाला

मैदानाच्या आदल्या दिवशी, त्याच लॅपटॉपवरून, त्याच नेटवरून एक चाचणी प्रक्षेपण करा. ते अनलिस्टेड ठेवा आणि लिंक दोघातिघांनाच द्या. सेटिंग मात्र मैदानाच्या प्रक्षेपणासारख्याच ठेवा. चाचणीत जे दिसेल ते चाचणीच्या नोंदीपुरतेच खरे असते, कारण प्रत्येक प्रक्षेपणाच्या सेटिंग त्याच्या स्वतःच्या असतात. म्हणून मैदानाचे प्रक्षेपण तयार करताना त्या पुन्हा पाहाव्याच लागतात.

मागे जाण्याची सोय तपासणे सोपे आहे. कॅमेऱ्यासमोर काहीतरी हलते ठेवून पाच-सात मिनिटे प्रक्षेपण चालू द्या. चॅनेलच्या खात्यातून लॉगिन नसलेल्या फोनवर, मोबाइल डेटावर, लिंक उघडा आणि रेघ मागे ओढा. मागचे दृश्य आले, LIVE चा ठिपका राखाडी झाला आणि त्यावर दाबल्यावर पुन्हा थेट आले, की सोय चालू आहे. सोय बंद असेल तर मागे ओढता येईल अशी रेघच मिळत नाही. प्रेक्षक थांबवू शकतो, पण मागचे पाहू शकत नाही.

संगणकावर याहून पक्की खूण पाहता येते. प्रक्षेपण चालू असताना पान ब्राउझरमध्ये उघडा, पानाचा सोर्स उघडा आणि त्यात हे दोन शब्द शोधा:

```
"isLiveDvrEnabled":true
"latencyClass":"MDE_STREAM_OPTIMIZATIONS_RENDERER_LATENCY_LOW"
```

पहिल्यावरून मागे जाण्याची सोय कळते. दुसऱ्याच्या शेवटी NORMAL, LOW किंवा ULTRA_LOW असे येते आणि त्यावरून लेटन्सीचा प्रकार कळतो. प्रक्षेपण सुरू होण्याआधी केवळ शेड्यूल झालेल्या पानावर या नोंदींवर विसंबू नका. शिवाय ही यूट्यूबच्या पानाची अंतर्गत मांडणी आहे, उद्या नाव बदलले तर शब्द सापडणार नाहीत. न सापडणे म्हणजे सोय बंद असणे नव्हे, हे लक्षात ठेवा.

चिकोडी_स्टुडिओ

दोन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत हे आपण समजावून सांगितलेत, त्याबद्दल आभारी आहे. माझ्या एका अल्ट्रा लो प्रक्षेपणाचे पान उघडून पाहिले, तिथे मागे जाण्याची सोय खरोखरच चालू दिसली. तरीही मी एवढे म्हणेन की खानापूरच्या पश्चिमेला जंगलाच्या भागात टॉवर कमी आहेत आणि तिथून अल्ट्रा लोवर प्रक्षेपण करण्यात शहाणपण नाही.

प्रक्षेपण_वाला

सहमत आहे, फक्त कारण थोडे नीट मांडतो. मैदानावरून वर जाणारे नेट कमजोर असेल तर सर्वच प्रकारांत चित्र बिघडते, कारण यूट्यूबपर्यंतच ते नीट पोहोचत नाही. अल्ट्रा लोचा त्रास होतो तो प्रामुख्याने पाहणाऱ्याच्या बाजूला. नॉर्मलमध्ये त्याच्या प्लेअरकडे पुरेसे साठवलेले असते, त्यामुळे नेट क्षणभर गेले तरी चित्र चालू राहते. अल्ट्रा लोमध्ये ते साठवण जवळजवळ नसते. गोव्याला जाणाऱ्या बसमध्ये बसून पाहणाऱ्याला याचा फटका जास्त बसतो.

यूट्यूबच्या म्हणण्यानुसार लोमध्ये बहुतेक प्रेक्षकांना 10 सेकंदांपेक्षा कमी आणि अल्ट्रा लोमध्ये 5 सेकंदांपेक्षा कमी विलंब होतो. तुमच्या इनामासाठी 10 सेकंदांच्या आतला विलंब पुरेसा आहे, कारण माणूस मेसेज टाइप करायलाच त्याहून जास्त वेळ घेतो. म्हणून माझा कौल लोला आहे.

खानापूर_मैदान

हे पटले. मग तो विलंब मोजायचा कसा? आपण म्हणता तसा 10 सेकंदांच्या आतला आहे की नाही हे डोळ्यांनी कसे कळणार?

प्रक्षेपण_वाला

एका फोनवर सेकंद दाखवणारे घड्याळ लावा आणि तो कॅमेऱ्यासमोर धरा. दुसऱ्या माणसाने मोबाइल डेटावर प्रक्षेपण पाहत असताना एकाच फोटोत दोन्ही घड्याळे यावीत अशी मांडणी करा, म्हणजे प्रत्यक्षातले घड्याळ आणि प्रक्षेपणात दिसणारे घड्याळ. त्या दोन वेळांतला फरक म्हणजे कॅमेऱ्यापासून प्रेक्षकाच्या डोळ्यापर्यंतचा सगळा विलंब.

त्याच वेळी संगणकावर प्लेअरवर उजवे बटण दाबून Stats for nerds उघडा. त्यात Live Latency ही ओळ दिसते. हा आकडा घड्याळाच्या फरकापेक्षा कमी येतो, कारण कॅमेरा, मिक्सर आणि ओबीएस यांत गेलेला वेळ त्याच्या हिशोबात नसतो. दोन आकड्यांत चार-पाच सेकंदांचा फरक पडणे मला नेहमीचे वाटते. फरक त्याहून बराच जास्त असेल तर दोष यूट्यूबच्या सेटिंगमध्ये शोधू नका, मैदानावरच्या लॅपटॉपमध्ये शोधा.

खानापूर_मैदान

आज गावच्या तालमीत व्हिडिओवाल्यांसह चाचणी घेतली. ओबीएसमध्ये खाते जोडलेलेच होते आणि नव्या प्रक्षेपणाच्या खिडकीत लेटन्सी नॉर्मल आणि मागे जाण्याचा चौकोन रिकामा होता, म्हणजे सरांनी सांगितले तेच निघाले. लो निवडले, चौकोनात खूण केली आणि प्रक्षेपण सुरू केले. पुण्यातल्या माझ्या भावाने रेघ मागे ओढून पाहिली आणि मागचे दृश्य नीट आले. पानाच्या सोर्समध्येही दोन्ही शब्द सापडले, एकात true आणि दुसऱ्याच्या शेवटी LOW.

परंतु विलंब अपेक्षेपेक्षा फार जास्त आला. तालमीतल्या घड्याळात 8 वाजून 15 मिनिटे 7 सेकंद झाले होते, तेव्हा प्रक्षेपणात 8 वाजून 14 मिनिटे 35 सेकंद दिसत होते, म्हणजे 32 सेकंदांचा फरक. Live Latency मात्र 8 सेकंदांच्या आसपास दाखवत होते. हा मधला 24 सेकंदांचा विलंब कुठून आला असावा?

प्रक्षेपण_वाला

फार चांगली चाचणी घेतलीत. यूट्यूबच्या बाजूने लो नीट काम करते आहे, कारण 8 सेकंद हे त्याच्या अपेक्षेत बसते. मधला विलंब लॅपटॉपमध्ये आहे. ओबीएसच्या Settings मध्ये Advanced या भागात Stream Delay नावाची नोंद असते, ती चालू आहे का पाहा. क्रिकेटच्या किंवा गेमच्या प्रक्षेपणासाठी काही मंडळी मुद्दाम 20 सेकंदांचा विलंब लावून ठेवतात आणि नंतर तो तसाच राहतो.

यूट्यूबच्या स्टुडिओतही लेटन्सीपासून वेगळा असा विलंब लावण्याचा पर्याय असतो आणि त्यात 30 किंवा 60 सेकंद निवडता येतात. तोही शून्यावर आहे हे एकदा पाहून घ्या. लेटन्सी लो ठेवली आणि हा 30 सेकंदांचा विलंब लावलेला राहिला, तर लो ठेवण्याचा काहीच अर्थ उरत नाही.

शेवटी ओबीएसच्या आउटपुटमध्ये की-फ्रेमचे अंतर 2 सेकंद ठेवा. यूट्यूब 2 सेकंदांची शिफारस करते आणि 4 सेकंदांच्या वर जाऊ नये असे सांगते. हे अंतर जास्त असले तर लेटन्सी कमी ठेवूनही प्लेअरला पुढचा तुकडा मिळायला वेळ लागतो.

खानापूर_मैदान

ओबीएसमध्ये 20 सेकंदांचा विलंब खरोखरच चालू होता. व्हिडिओवाल्यांनी सांगितले की त्यांनी तो एका स्पर्धेसाठी लावला होता. तो काढला, की-फ्रेम 2 केले आणि पुन्हा मोजले. घड्याळांतला फरक 12 सेकंदांवर आला आणि Live Latency आधीसारखेच 8 च्या आसपास राहिले. आता हा फरक आपण सांगितला तेवढाच आहे.

हलगी_सुभाष

एक शंका आहे. समजा मैदान सुरू झाले आणि तेव्हा लक्षात आले की मागे जाण्याची सोय बंद राहिली आहे. तर चालू प्रक्षेपणात ती उघडता येते का?

प्रक्षेपण_वाला

त्यावर विसंबून राहू नका असेच मी सांगेन. यूट्यूबच्या एपीआयमध्ये नियम स्पष्ट आहे. enableDvr ही नोंद प्रक्षेपणाची स्थिती created किंवा ready असतानाच बदलता येते, एकदा testing किंवा live झाले की बदलण्याची विनंती नाकारली जाते. म्हणून ज्यांना हे पुन्हा पुन्हा करावे लागते, ते सुरू करण्याआधीच एपीआयमधून वाचून पाहतात. चॅनेलच्या मालकाच्या परवानगीने अशी विचारणा करायची:

```
GET https://www.googleapis.com/youtube/v3/liveBroadcasts?part=status,contentDetails&id=VIDEO_ID
Authorization: Bearer ACCESS_TOKEN
```

उत्तरात एवढे पाहायचे:

```
"lifeCycleStatus": "ready"
"enableDvr": true
"recordFromStart": true
"latencyPreference": "low"
```

VIDEO_ID च्या जागी तोच अकरा अक्षरांचा आयडी घालायचा, जो प्रेक्षकांच्या लिंकमध्ये असेल. मालकाच्या परवानगीशिवाय हे दिसत नाही. जे साध्या एपीआय कीने कुणालाही वाचता येते, त्यात सुरू होण्याची वेळ, प्रेक्षकसंख्या वगैरे असते, पण लेटन्सी आणि मागे जाण्याची सोय नसते.

recordFromStart मुद्दाम लिहिले आहे. enableDvr बंद असेल तर प्रक्षेपण संपल्यावर त्याचे रेकॉर्डिंग पाहायला मिळायला जवळजवळ एक दिवस लागू शकतो, असे यूट्यूबच्या एपीआयच्या माहितीत लिहिलेले आहे. ते लगेच मिळायचे असेल तर दोन्ही true लागतात. ज्यांचे मैदान रात्री संपते आणि ज्यांना सकाळीच गावभर लिंक फिरवायची असते, त्यांना हे माहीत असणे महत्त्वाचे आहे.

निपाणीची_रसिका

आमच्या इथे अखंड हरिनाम सप्ताहाचे प्रक्षेपण दिवसरात्र चालते. पहाटेचा काकडा ज्यांना चुकतो ते सकाळी मागे जाऊन पाहायचा प्रयत्न करतात, पण कधी जमते, कधी नाही. सोय चालू असूनही असे का होते? आणि सप्ताह संपल्यावर सबंध रेकॉर्डिंगही मिळाले नाही.

प्रक्षेपण_वाला

ताई, दोन गोष्टी आहेत. रेकॉर्डिंगबद्दल खात्रीने सांगतो: 12 तासांपेक्षा लहान प्रक्षेपणाचेच रेकॉर्डिंग यूट्यूब आपोआप ठेवते. त्यामुळे सप्ताहाची अखंड धार एकाच नोंदीत चालवण्याऐवजी काकडा, पारायण, प्रवचन, कीर्तन अशी वेगवेगळी प्रक्षेपणे केली तर प्रत्येकाचे रेकॉर्डिंग राहील आणि ज्याला काकडा पाहायचा आहे त्याला रेघ ओढत शोधावेही लागणार नाही. मात्र प्रत्येक प्रक्षेपण तयार करताना सेटिंग पुन्हा पाहाव्या लागतील, हे त्याबरोबर येतेच.

चालू प्रक्षेपणात नेमके किती मागे जाता येते याला मर्यादा असते, आणि आपल्या प्रेक्षकांना फोन, टीव्ही आणि संगणक यांवर ती सारखीच मिळते का हे वेगवेगळ्या साधनांवर पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. पुढच्या सप्ताहात कुणी एकाच वेळी तिन्ही साधनांवर पाहून इथे लिहिले तर सर्वांच्या उपयोगी पडेल.

चिकोडी_स्टुडिओ

हे मी पाहून कळवतो. पुढच्या महिन्यात आमच्याकडे दिवसभराचे एक प्रक्षेपण आहे. टीव्हीवर रेघ मागे नेण्याचा अनुभव मला नेहमीच वेगळा वाटला आहे, पण त्याचे कारण मला अजून सापडलेले नाही.

हलगी_सुभाष

आणखी एक विचारतो. आमची कमिटी यंदा फेसबुकवरही दाखवायचे म्हणते आहे. तिथे या सेटिंग लागू होतील का?

प्रक्षेपण_वाला

नाही. वर लिहिलेले सर्व यूट्यूबचे आहे. फेसबुकला स्वतःची लेटन्सी आणि स्वतःचे पर्याय आहेत. दोन्हीकडे एकाच लॅपटॉपवरून पाठवणार असाल तर वर जाणाऱ्या नेटवर दुप्पट भार पडेल, तेवढे आधी मोजून घ्या. तिथल्या विलंबासाठी घड्याळाची चाचणी मात्र जशीच्या तशी चालते, कारण ती कोणत्याही मंचावर अवलंबून नाही.

खानापूर_मैदान

आमच्या निवेदकांशी बोललो. दर दोन-तीन कुस्त्यांनंतर "इनाम लिहिण्याआधी लाल ठिपका पाहून घ्या" असे ते सांगणार आहेत. मैदानाच्या सकाळी ओबीएसच्या खिडकीतून नवे प्रक्षेपण तयार करायचे नाही, स्टुडिओत शेड्यूल केलेलेच निवडायचे, असे व्हिडिओवाल्यांशी ठरले आहे. लिंक ग्रुपमध्ये टाकण्याआधी मी स्वतः तिचा आयडी स्टुडिओतल्या पत्त्याशी अक्षर न अक्षर पडताळीन. कुस्त्या झाल्यावर घड्याळातला फरक किती राहिला ते इथेच लिहितो. गर्दीत सगळ्यांचेच फोन एका टॉवरवर आले की वर जाणारे नेट कितपत टिकते, याची मात्र मला अजून काळजी आहे.

प्रक्षेपण_वाला

त्यासाठी मैदानाशेजारच्या एखाद्या घरातून केबलचे फायबर कनेक्शन मिळते का ते आजच विचारा, आणि मोबाइलचे सिम केवळ पर्यायी म्हणून ठेवा. चाचणी तालमीतल्या नेटवर झाली आहे, मैदानावर नाही, म्हणून मैदानाच्या जागेवरून एकदा पुन्हा मोजा.